यादी नसलेला शब्दशोध: आधी अडचणीची अक्षरं, मग जोड्या

«शब्दशोधात शब्दांची यादीच दिलेली नाही. फक्त ‘निसर्गाशी संबंधित १० शब्द शोधा, प्रत्येक शब्द किमान तीन अक्षरी’ एवढंच लिहिलंय. मी एकेक ओळ उलटसुलट वाचत जाते. चार-पाच शब्द मिळतात आणि मग नजर नुसती फिरत राहते. दुर्मीळ अक्षरं आणि नेहमीच्या जोड्या बघून शोधायचं म्हणतात, ते मराठीत नेमकं कसं करायचं?»

ओळी वाचत जाणं यादी असताना चालतं, कारण तेव्हा डोळ्यांना काय हवंय ते ठाऊक असतं. यादी नसली की प्रत्येक घरापासून प्रत्येक दिशेला वाचावं लागतं. आठ बाय आठच्या चौकटीत शेजारशेजारच्या घरांच्या २१० जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी वाचायची म्हणजे ४२०. एवढ्या जोड्या कुणीही नीट वाचत नाही. म्हणून पहिलं काम शब्द वाचणं हे नसून, कुठे वाचायचं ते ठरवणं हे आहे.

इंग्रजी कोडी सोडवणारे यासाठी क्यू, जे, एक्स, झेड शोधतात. क्यू दिसला की शेजारी यू आहे का एवढंच पाहायचं. ही युक्ती उचलून मराठीत घ, झ, ठ, ढ शोधणारे बरेच जण मी पाहिलेत, आणि त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. ही अक्षरं कमी येतात हे खरं, पण शब्दात ती कुठेही बसतात: सुरुवातीला झाड, मध्ये मेघमाला, शेवटी वाघ. म्हणजे अक्षर सापडलं तरी वाचायचं कोणत्या बाजूला ते कळत नाही. मराठीत अक्षर किती कमी येतं यापेक्षा ते शब्दात कुठे येऊच शकत नाही, हे जास्त उपयोगी पडतं. मी अशा अक्षरांना ‘अडचणीची अक्षरं’ म्हणतो, कारण कोडं रचणाऱ्याला ती लपवता येत नाहीत.

त्यातलं पहिलं म्हणजे ळ. मराठीत ळ ने सुरू होणारा शब्द नाही. त्यामुळे ळ दिसला की तो शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी आहे, किंवा मग ते उरलेली घरं भरायला टाकलेलं, भरतीचं अक्षर आहे. नेहमीच्या शब्दांत ण चंही तेच. दोन्ही अक्षरांपासून वाचायचं ते पुढे नाही, मागे. ळ ला शेपूट समजा आणि आठही बाजूंना बघा, त्याच्या आधी कोणतं अक्षर शोभतं.

दुसरी अक्षरं म्हणजे सुटे स्वर. अ, आ, इ, उ, ए, ओ हे जवळजवळ नेहमी शब्दाच्या तोंडाशी असतात: आकाश, इमारत, उतार, ओढा. ई आणि ऊ यांचं मात्र उलट आहे. ते सुरुवातीला क्वचित, आणि मध्ये किंवा शेवटी भरपूर: पाऊल, देऊळ, भाऊ, चटई, शिलाई. म्हणून आ दिसला तर तिथून बाहेर वाचायचं आणि ऊ दिसला तर त्याच्या दोन्ही बाजू बघायच्या.

तिसरी खूण म्हणजे जोडाक्षरं, अनुस्वार आणि ऋकार. द्र, क्षि, न्हा, मृ, चां असं घर भरतीसाठी सहसा कुणी टाकत नाही. भरती हाताने केलेली असो की संगणकाने, ती बहुतेक साध्या अक्षरांची असते. जोडाक्षर दिसलं की त्या घरातून एखादा शब्द जातो असं धरून चाला, आणि तो मिळेपर्यंत घर सोडू नका.

चौथी गोष्ट माझी सगळ्यांत आवडती आहे, आणि ती शुद्धलेखनातून येते. मराठी लेखनाचे जे नियम १९६२ साली शासनमान्य झाले, त्यांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: कवी, वस्तू, पाटी. आणि, नि, परंतु, तथापि असे मोजके अपवाद सोडले तर ह्रस्व वेलांटी किंवा पहिला उकार शब्दाच्या शेवटी येत नाही. म्हणजे कि, मु, हि अशी घरं शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्येच असणार. दुसरा नियम असा की शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: मूळ, शीळ, तांदूळ, दुर्मीळ. मधुर, कुटिल असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत, पण ळ ने संपणारे शब्द बहुतेक अस्सल मराठी असल्यामुळे, झुळझुळसारखे नादाचे शब्द सोडले तर, तिथे हा नियम चोख चालतो. साध्या ळ च्या आधी ह्रस्व अक्षर दिसलं की ती दिशा न वाचता सोडून द्यायची.

आता हे प्रत्यक्ष करून बघू. खालची चौकट मी तुमच्या कोड्यासारखीच रचली आहे: विषय निसर्ग, शब्द १०, किमान तीन अक्षरी, आठही दिशा खुल्या, आणि एकाच घरातून दोन शब्द जाऊ शकतात. पुढे वाचण्याआधी स्वतः पाच मिनिटं बघितलंत तर बरं.

```
१ |  त   बे  पा  ऊ   स   ग   का  सा
२ |  मृ  मे  के  गो  चे  मु  रा  व
३ |  हो  ग   सु  हे  शे  ना  द्र  ली
४ |  पी  धू  ज   टि  कि  हू  बि  ण
५ |  चां नो  भी  ळ   व   र   हि  टी
६ |  द   शु  ळ   फे  लु  ते  चि  ळ
७ |  णे  ध   ब   ध   बा  नु  डु  भा
८ |  लि  जी  ट   वा  य   पा  के  आ
```

पहिली फेरी फक्त ळ साठी. काहीही वाचायचं नाही, नुसता आकार शोधायचा. मी ही फेरी शेवटच्या ओळीपासून वर आणि उजवीकडून डावीकडे करतो, कारण सरळ बघत गेलं की मन आपोआप शब्द जुळवू लागतं आणि अक्षर निसटतं. इथे ळ तीन आहेत: पाचव्या ओळीत चौथा, सहाव्या ओळीत तिसरा आणि सहाव्या ओळीत आठवा. तिन्हींचे शेजारी मिळून २१ जोड्या होतात. ४२० ऐवजी २१, एवढं काम हलकं झालं.

सहाव्या ओळीतला शेवटचा ळ आधी घेऊ, कारण तो काठावर आहे आणि त्याला पाचच शेजारी आहेत: हि, टी, चि, डु, भा. त्यातले हि, चि, डु ह्रस्व म्हणून गेले. उरले टी आणि भा. ‘टीळ’ नाही, ‘भाळ’ आहे. आता भाळ म्हणजे कपाळ, हा स्वतंत्र शब्द आहे, आणि नेमकी इथेच लोकांची फसगत होते. शब्द मिळाला म्हणून थांबतात. कोडं तीन अक्षरांचं मागतंय, म्हणून त्याच रेषेत आणखी मागे जा. भा च्या खाली आ आहे. आभाळ, खालून वर. आ हा सुटा स्वर, शब्दाच्या तोंडाशी शोभणारा, आणि त्याच्या खाली चौकट संपते. एका शब्दाच्या दोन टोकांना दोन वेगवेगळ्या खुणा जुळल्या की तो शब्द नक्की झाला असं मी धरतो.

पाचव्या ओळीतला ळ मधोमध आहे, त्याला आठ शेजारी. टि, कि, लु ह्रस्व म्हणून बाद. राहिले ज, भी, व, फे आणि खालचा दुसरा ळ. यातल्या ‘जळ’ आणि ‘वळ’ या दोन जोड्या कानाला ओळखीच्या वाटतात. ‘जळ’ तिरक्या रेषेत मागे वाचत जा: ज च्या मागे ग, त्याच्या मागे मृ. मृगजळ. मृ हा ऋकारही आपोआप निकालात निघाला. आता हात थांबवू नका, कारण ‘वळ’ अजून बाकी आहे. व च्या मागे, म्हणजे उजवीकडे, र आणि मग हि. हिरवळ, उजवीकडून डावीकडे. एकाच ळ ला दोन शब्द लागले. घराला एक शब्द मिळाला की त्यावर रेघ ओढून पुढे जायची सवय असते, त्या सवयीनेच तुमचे निम्मे शब्द राहत असावेत. घर तेव्हाच संपतं जेव्हा त्याच्या सगळ्या बाजू बघून होतात.

तिसरा ळ, सहाव्या ओळीतला. ह्रस्व शु सोडला तर मागे नो, भी, ळ, फे, ध, ब, ध. ओळखीची जोडी एकच, ‘बळ’. मागे ब च्या खाली ट आहे आणि ‘टबळ’ असा शब्द नाही. मग हा ळ शब्दाच्या मध्ये आहे का ते बघू. वळण किंवा गळती यांसारख्या शब्दांत ळ मध्ये असतो. त्यासाठी ळ मधून जाणाऱ्या चारच सरळ रेषा तपासायच्या: नो-ळ-ध, भी-ळ-ब, ळ-ळ-ध, शु-ळ-फे, प्रत्येक दोन्हीकडून. काही नाही. हा ळ भरतीचा. त्यावर मी पेन्सिलने बारीक टिंब देतो, म्हणजे पुन्हा नजर तिथे अडकत नाही. अपयशी घरावर खूण करणं हे यशस्वी शब्दाभोवती रेघ ओढण्याइतकंच गरजेचं आहे.

‘बळ’ बद्दल एक सांगायला हवं. दोन अक्षरी शब्द कुठल्याही मराठी चौकटीत आपोआप पडतात. आमच्या अक्षरांत मात्रा आधीच मिसळलेली असल्यामुळे कुठलीही दोन अक्षरं शेजारी आली तरी शब्द होण्याची शक्यता बरीच असते. या चौकटीतच सारा, राव, वर, जग, बट असे कितीतरी आहेत. त्यांच्यामागे लागलात तर संध्याकाळ जाईल. रचणाऱ्याने किमान लांबी दिली नसेल तरी मी आधी तीन आणि त्याहून जास्त अक्षरी शब्दच शोधतो.

आता ण. तो एकटाच आहे, चौथ्या ओळीच्या शेवटी. काठावर असल्यामुळे पाच दिशा: हू-बि-ण, व-ली-ण, खालच्या तिरक्या रेषेत ते-हि-ण, खालून ळ-टी-ण, आणि वरच्या तिरक्या रेषेत मु-द्र-ण. मुद्रण! तीन अक्षरी, पूर्ण अर्थाचा, जोडाक्षर असलेला शब्द. इथे थांबायचा मोह फार मोठा आहे. पण विषय निसर्ग आहे आणि मुद्रण त्यात बसत नाही. म्हणून नियम तोच: रेषेत आणखी मागे जा. मु च्या मागे पहिल्या ओळीतला स आहे. समुद्र. रचणाऱ्याने समुद्र ठेवला, आणि भरतीचा ण त्याच्या शेपटाला येऊन पडला एवढंच.

असे अपघाती शब्द ओळखायची माझी कसोटी अशी. सापडलेल्या शब्दाची बहुतेक अक्षरं दुसऱ्या, विषयाला धरून असलेल्या शब्दात आधीच गेली असतील, तर तो अपघात. मुद्रण मध्ये नवं घर फक्त ण चं आहे. कोडं रचणारे शब्द एकमेकांना छेद देतात, पण एकाच रेषेत एकावर एक शब्द क्वचितच घालतात. मृगजळ आणि हिरवळ यांचा ळ सामाईक आहे, तरी त्यांच्या दिशा वेगळ्या आहेत, हा फरक लक्षात घ्या. विषयही दिलेला नसेल तर अशा शब्दापुढे प्रश्नचिन्ह घालून ठेवा आणि शेवटी संख्या जुळते का ते पाहून ठरवा.

पुढे ऊ. तो पहिल्या ओळीत आहे आणि त्याच्या वर काही नाही. ऊ जर शब्दाच्या मध्ये असेल तर शब्द आडवाच असला पाहिजे, कारण उभ्या किंवा तिरक्या रेषेत त्याच्या एका बाजूला घरच नाही. मग वाचायचं एवढंच: पा-ऊ-स किंवा स-ऊ-पा. पाऊस. आणि त्याचा स तोच, ज्याच्यापासून समुद्र सुरू होतो. काठावरची अडचणीची अक्षरं नेहमी आधी घ्यावीत ती यासाठीच. चौकट स्वतःच बऱ्याच दिशा बंद करून देते.

अनुस्वार एकच, पाचव्या ओळीतला चां. तोही काठावर. शेजारी पी, धू, नो, द, शु. ‘चांद’ लगेच ऐकू येतं, पण ते पुन्हा दोनच अक्षरी, म्हणून खाली जा: णे. चांदणे.

सहा शब्द झाले, आणि अजून एकही ओळ सलग वाचलेली नाही. इथून पुढे अडचणीची अक्षरं संपली. उरलेले चार शब्द साध्या अक्षरांचे आहेत, आणि जोड्यांचं काम आता सुरू होतं.

जोड्या म्हटलं की लोक शब्दाच्या सुरुवातीच्या जोड्या शोधतात. मराठीत शेवट जास्त उपयोगी पडतो, कारण आपल्या नामांचे शेवट थोड्या साच्यांत बसतात: -णे, -णी, -ली, -री, -रा, -ळा, -वा, -ट, -पण, -दार, -कर. सुरुवात मात्र कशानेही होऊ शकते. म्हणून मी काना किंवा दीर्घ वेलांटी असलेले र, ल, ण, न, व, ब ही घरं ‘शेवट’ मानून त्यांच्यापासून मागे दोन घरं मोजतो. आधीचं एक अक्षर नव्हे, दोन. तीन अक्षरी शब्दाला मागे दोन घरांची जागा हवी, आणि ती नसेल तर ती दिशा वाचायचीच नाही.

दुसऱ्या ओळीतला रा घ्या. नुसती जोडी पाहिली तर सारा, नारा, कारा, वरा, मुरा अशा बऱ्याच ओळखीच्या वाटतात आणि डोकं गरगरतं. पण रा कोपऱ्याजवळ आहे. सा, का, ग, व आणि ली या बाजूंना गेलं की दुसरं घर चौकटीच्या बाहेर पडतं. उरल्या तीनच दिशा: चे-मु-रा, बि-द्र-रा आणि कि-ना-रा. किनारा, तिरका, खालून वर. कि ह्रस्व असल्यामुळे तो शेवटी असूच शकत नव्हता, इथे तो सुरुवातीला येऊन बसला.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी ली. मागे दोन घरं मिळणाऱ्या पाच दिशा आहेत: सा-व-ली, ग-रा-ली, ना-द्र-ली, र-बि-ली, टी-ण-ली. सावली पहिल्याच फटक्यात. हा शब्द अगदी सरळ वरून खाली लिहिलेला आहे, आणि तरी ओळी आडव्या वाचणाऱ्याला तो हमखास दिसत नाही.

मग ट. या चौकटीत सुटा ट एकच आहे, आठव्या ओळीत. त्याच्या आधी वा, आणि ‘वाट’ ही फार चालणारी जोडी आहे: वाट हा स्वतंत्र शब्दही आहे आणि जोडशब्दांचा शेवटही. म्हणून ‘वाट’ दिसला की मागे बघायलाच हवं. मागे य, मग पा. पायवाट, उजवीकडून डावीकडे. उलट्या दिशेचे शब्द सापडायला जोड्या फार मदत करतात, कारण दोन अक्षरं उलटी वाचणं डोळ्यांना जमतं, चार अक्षरं उलटी वाचणं जमत नाही.

दहावा शब्द जोडीचा नाही, तालाचा आहे. मराठीत अक्षरं दोनदा येणारे शब्द भरपूर आहेत: खळखळ, झुळझुळ, सळसळ, लुकलुक. निसर्गाचा विषय असेल तर असा एखादा शब्द बहुधा असतोच. तो शोधायची रीत म्हणजे एक घर सोडून तेच अक्षर पुन्हा आलंय का ते बघणं. सातव्या ओळीत ध, एक घर सोडून पुन्हा ध. मध्ये ब, पुढे बा. धबधबा. सातवी ओळ तुम्ही डावीकडून उजवीकडे वाचली असती तर हा शब्द लगेच दिसला असता असं वाटेल, पण सुरुवातीचा ‘णे’ चिकटून ‘णेधबध’ असं वाचलं जातं आणि मन ते टाकून देतं.

दहाही झाले. घरं मोजली तर ६४ पैकी ३२ घरं शब्दांत गेली आणि ३२ भरतीची राहिली.

या रीतीला मर्यादा आहे आणि ती भरतीवर अवलंबून असते. म्हणून मी कोडं हातात घेतलं की पहिलं अर्धं मिनिट भरती ओळखण्यात घालवतो. माझ्या पाहण्यात तीन प्रकार येतात. पहिल्या प्रकारात भरती नुसत्या क, त, प, म अशा काना-मात्रा नसलेल्या अक्षरांची असते. अशा चौकटीत ळ वगैरे विसरा आणि काना-मात्रा असलेली घरं बघा. ती शब्दांचीच असतात, आणि जिथे अशी दोन-तीन घरं एका रेषेत दिसतात तिथे शब्द आहे. हा सगळ्यांत सोपा प्रकार.

दुसऱ्या प्रकारात संगणक क पासून ळ पर्यंत सगळी व्यंजनं समान वाटून टाकतो. ओळखायची खूण म्हणजे ङ आणि ञ. ही अक्षरं अशी सुटी, पूर्ण रूपात आजच्या मराठी शब्दात येतच नाहीत, त्यामुळे ती चौकटीत दिसली की भरती आंधळी आहे हे नक्की. अशा वेळी ळ आणि ण सुद्धा भरतीत शब्दांइतकेच पडलेले असतात, आणि ळ च्या मागे लागून दहापैकी सात वेळा हात रिकामा येतो असं वाटू लागलं तर कारण हेच. इथे जोडाक्षरं, अनुस्वार आणि सुटे स्वर आधी घ्या, ळ नंतर. ङ आणि ञ यांचा फायदा उलटा करून घ्यायचा: ती मेलेली घरं आहेत, त्यांच्यातून एकही शब्द जात नाही, म्हणून त्यांना भिंत समजा. काठासारखीच तीही दिशा बंद करतात.

तिसरा प्रकार वर रचला तसा, जिथे भरतीलाही काना-मात्रा आहेत. इथे ह्रस्व-दीर्घाचा नियम सर्वांत जास्त कामी येतो, पण एका अटीवर. कोडं रचणाऱ्याचं शुद्धलेखन नीट असलं पाहिजे. ‘धुळ’ किंवा ‘मुळ’ असं लिहिणाऱ्याच्या कोड्यात मी वर सांगितलेली गाळणी खरे शब्दच गाळून टाकेल. एखाद्या कोड्यात असा एक चुकीचा शब्द सापडला की त्या कोड्यापुरता तो नियम बाजूला ठेवा आणि बाद केलेल्या दिशा पुन्हा बघा. वर्तमानपत्रांपेक्षा घाईने बनवलेल्या छापील पुस्तिकांत हे जास्त दिसतं.

काही कोड्यांत काना, वेलांटी, मात्रा यांना स्वतंत्र घरं दिलेली असतात, ठिपक्यांच्या गोलावर लावलेली. ते मराठी अक्षरांचा विचार न करता बनवलेल्या संगणकी साच्याचं काम असतं. तिथेही तत्त्व तेच लागू होतं, उलट जास्त सोपं होतं: मात्रेच्या घरापासून शब्द सुरू होऊ शकत नाही आणि दोन मात्रा लागून येऊ शकत नाहीत.

जोड्यांच्या फेरीत एक गोष्ट सांभाळा. एका वेळी एकच शेवट घ्या. ‘आता सगळे रा’, मग ‘आता सगळे ली’ असं. तीन-चार शेवट एकदम शोधायला गेलात तर पुन्हा ओळी वाचायची जुनी सवय परत येते, कारण लक्षात ठेवण्यासारखा एक आकार उरत नाही. मी कागदाच्या कडेला शेवट लिहून ठेवतो आणि झाला की खोडतो. विषय माहीत असेल तर त्यावरून शेवट निवडता येतात. क्रियापदांचं कोडं असेल तर णे पासूनच सुरुवात करा, प्रत्येक शब्दाला तोच शेवट असतो. व्यवसायांचं असेल तर र: सुतार, लोहार, कुंभार, चांभार. आडनावांचं असेल तर कर आणि रे.

तुमच्या कोड्यात विषय निसर्गच आहे, तेव्हा आज संध्याकाळी ते पुन्हा काढा आणि आधी सगळे ळ मोजा. पाच-सहापेक्षा कमी निघाले तर तिथूनच सुरू करा. जास्त निघाले तर ङ किंवा ञ कुठे आहे का ते बघा, आणि असेल तर जोडाक्षरांकडे वळा.